पावले किती आणि वाट किती

जेवणानंतर शतपावली करावी असे आपल्याकडे सांगतात आणि बरेच लोक ती करतातही. पण शंभर पावले चालले म्हणजे आपण नेमके किती अंतर चाललो, हा प्रश्न कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तो विचारण्याची गरजही नव्हती. अंगणातून वृंदावनापर्यंत आणि तेथून माघारी, एवढीच ती वाट. आता मात्र प्रत्येकाच्या खिशात किंवा मनगटावर पावले मोजणारे यंत्र असते आणि ते यंत्र नुसती पावले सांगून थांबत नाही. 'आज आपण पाच किलोमीटर चाललात' असे तेच आपल्याला कळवते. त्याने पाय मोजला नाही, रस्ता मोजला नाही. मग हे पाच किलोमीटर त्याने आणले कोठून? आम्हांला हा प्रश्न पडला तो सहज पडला नाही. एका दवाखान्याच्या व्हरांड्यात पडला, आणि त्याची हकीगत सांगितल्यावाचून पुढचा हिशेब नीट कळायचा नाही.

आमच्या छातीचे दुखणे झाल्यानंतर डॉक्टरांनी 'रोज पाच किलोमीटर चाला' असे सांगितले होते. भाच्याने एक यंत्र आणून दिले, त्यात काय भरायचे ते त्यानेच भरले आणि आम्ही रोज सकाळी तासभर चालू लागलो. तासाला ६,६०० पावले व्हायची आणि यंत्र ४.९५ किलोमीटर दाखवायचे. दोन महिने आम्ही मोठ्या समाधानात होतो. मग तपासणीला गेलो तेव्हा तेथील परिचारिकेने सहा मिनिटे चालण्याची परीक्षा घेतली. ही परीक्षा फार साधी असते. तीस मीटर लांबीच्या सरळ वाटेवर दोन टोकांना खुणा ठेवतात, आणि सहा मिनिटांत माणूस ये-जा करीत किती मीटर चालतो ते मोजतात. पावले मोजत नाहीत, अंतर मोजतात. आमचे अंतर भरले ३९६ मीटर.

डॉक्टरांनी आकडा पाहिला आणि म्हणाले, "तुम्ही तासाला पाच किलोमीटर चालता म्हणता ना? मग सहा मिनिटांत पाचशे मीटर व्हायला हवे होते. शंभर मीटर कोठे गेले?"

आम्ही काही उत्तर दिले नाही. पण यंत्र खिशातच होते. परीक्षेच्या आधीचा आणि नंतरचा आकडा पाहिला तर त्या सहा मिनिटांत ६६० पावले पडली होती. म्हणजे मिनिटाला ११०, रोजच्याइतकीच. पावलांची संख्या बरोबर होती. चूक असेल तर पावलाच्या लांबीत असली पाहिजे. ३९६ मीटरला ६६० ने भागले तर एक पाऊल साठ सेंटीमीटरचे येते. यंत्राने धरले होते पंच्याहत्तर! हे पंच्याहत्तर कोणाचे, याचा शोध घरी गेल्यावर लागला. भाचा सहा फूट उंच आहे. त्याने आपल्या पावलाचा अंदाज त्यात भरला होता. दोन महिने आम्ही आमच्या पायांनी चालत होतो आणि मोजमाप त्याच्या टांगांचे चालू होते. औषधाची मात्रा पाच भाग सांगितली असता आपण चार भागच घेत आहोत, हे कळल्यावर जशी स्थिती व्हावी तशी आमची झाली.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की पावलांवरून अंतर काढण्याचा हिशेब एका गुणाकाराचा आहे. पावलांची संख्या गुणिले एका पावलाची लांबी. तो तोंडी करण्याला आमची शतपावली फार उपयोगी पडते. ज्याचे पाऊल ६२ सेंटीमीटरचे आहे त्याची एक शतपावली ६२ मीटरची. पावलाचे जितके सेंटीमीटर तितकेच शतपावलीचे मीटर. ६,६०० पावले म्हणजे ६६ शतपावल्या. ६६ ला ६२ ने गुणा, ४,०९२ मीटर झाले. कागद-पेन्सिल लागत नाही.

शंभर पावलांचा हा हिशेब आमचा शोध आहे असे कोणी समजू नये. कुमाऊँमधील मिलम गावचे नैनसिंह रावत यांनी १८६५-६६ मध्ये नेपाळमार्गे ल्हासापर्यंतचा प्रवास याच युक्तीने मोजला. तिबेटात परक्यांना मोजणी करण्यास मज्जाव होता. साखळी किंवा दुर्बीण घेऊन जाणे शक्य नव्हते. म्हणून भारतीय सर्वेक्षण खात्याने देहरादून येथे त्यांना सारख्या लांबीचे पाऊल टाकण्याची तालीम दिली. चढ असो, उतार असो, सपाटी असो, मैलाला दोन हजार पावले. हातात जपमाळ दिली, पण तिचे मणी १०८ नव्हते, १०० होते. दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. पाहणाऱ्याला वाटावे की यात्रेकरू जप करीत आहे. माळ एकदा पुरी झाली की दहा हजार पावले, म्हणजे पाच मैल. प्रार्थनाचक्राच्या पोटात टिपणांचे कागद दडवलेले असत. अशा रीतीने बाराशे मैलांची वाट त्यांनी पावलांनी मोजली. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले.

मैलाला दोन हजार म्हणजे एक पाऊल सुमारे साडेऐंशी सेंटीमीटरचे. हे आमच्या तुमच्या पावलापेक्षा बरेच मोठे आहे. पण त्यातील मर्म लांबीत नाही, ते सारखेपणात आहे. नैनसिंहांनी पाऊल ठरावीक मापाला आणले. आपल्याला तशी तालीम घ्यायची नाही. आपल्याला उलट काम करायचे आहे. पाऊल जसे पडते तसे पडू द्यायचे आणि त्याचे माप काढायचे.

आता 'पाऊल' या शब्दाविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण पुष्कळ घोटाळा येथेच होतो. मराठीत पाऊल म्हणजे पायाचा तळवाही आणि चालताना टाकलेले अंतरही. एक गृहस्थ आम्हांला म्हणाले, "मी ओल्या पायांनी फरशीवर चालून ठशांमधले अंतर मोजले, ते अवघे अडतीस सेंटीमीटर भरले." त्यांनी मागच्या ठशाच्या अंगठ्यापासून पुढच्या ठशाच्या टाचेपर्यंत मोजले होते. मधली मोकळी जागा तेवढी धरली, तळवा सोडून दिला! टाचेपासून टाचेपर्यंत मोजावयाचे असते. त्यांचा तळवा पंचवीस सेंटीमीटरचा; तो मिळवला की ६३ होतात, आणि हे माप पटण्यासारखे आहे.

दुसरा घोटाळा इंग्रजी शब्दांचा. 'स्टेप' म्हणजे डाव्या टाचेपासून उजव्या टाचेपर्यंतचे एक पाऊल. 'स्ट्राइड' म्हणजे शास्त्राच्या भाषेत डाव्या टाचेपासून पुन्हा डाव्याच टाचेपर्यंत, अर्थात दोन पावले. प्राचीन रोमन लोकांचा मैल असाच जोडपावलांचा होता. हजार जोडपावले म्हणजे एक मैल. यंत्राबरोबरच्या पत्रकात मात्र कित्येकदा 'स्ट्राइड' लिहून एकाच पावलाची लांबी मागितलेली असते. शंका आली तर आकडाच साक्ष देतो. सामान्य चालीत एका पावलाची लांबी मीटरच्या आतच राहते. तुमचे उत्तर सव्वा मीटरच्या आसपास आले तर ते जोडपावलाचे आहे, त्याचे अर्धे करा. न केले तर पाच किलोमीटरचे दहा होतील आणि त्यावर विश्वास ठेवावा असेही वाटू लागेल.

माप काढण्याची उत्तम रीत आम्ही करून पाहिली ती अशी. गावात चारशे मीटरची धावपट्टी असेल तर तिच्या सर्वांत आतल्या पट्टीतून चालावे. बाहेरच्या पट्ट्यांतून फेरी मोठी होते. पट्टी नसेल तर रस्त्यावरचे दोन किलोमीटरचे दगड चालतील. दहा-पंधरा पावले आधीपासून चालत यावे, कारण थांबलेल्या माणसाची पहिली पावले आखूड पडतात. मग रेषा ओलांडताना मोजू लागावे, आणि तेही फक्त उजवे पाऊल टेकले की एक. यामुळे जिभेला निम्मेच काम पडते आणि मोजणी चुकत नाही. आमच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे आठशे मीटरांत, उजवी पावले ६४५ पडली. एकूण १,२९०. आठशेला १,२९० ने भागले, ६२ सेंटीमीटर.

येथे कोणी म्हणेल, दवाखान्यात तर साठ आले होते. खरे आहे. तेथे दर तीस मीटरांना वळावे लागत होते, आणि वळताना पाऊल आखडते. त्या दोन सेंटीमीटरांचे कारण बहुधा एवढेच. म्हणून घरातल्या दहा पावलांवरून माप काढू नये. दहा पावलांत एक पाऊल इकडेतिकडे झाले तर दहावा हिस्सा चुकला. हजारात एक चुकले तर त्याची कोणाला खंत? शिवाय 'आता माझे पाऊल मोजले जात आहे' हे मनात असले की माणूस नवरदेवासारखा तोलून पावले टाकतो किंवा शिपायासारखी लांब टाकतो. आठशे मीटर चालल्यावर हे सोंग टिकत नाही.

ज्यांना धावपट्टी नाही आणि दगडही नाहीत, त्यांच्यासाठी उंचीवरून अंदाज करण्याची एक वहिवाट आहे. एक पाऊल उंचीच्या सुमारे एक्केचाळीस टक्के धरतात. १६० सेंटीमीटर उंचीच्या माणसाचे सुमारे ६६. हा अंदाज वाईट नाही, पण तो अनेकांच्या सरासरीवर बसवलेला आहे. आमची उंची १६५. त्या नियमाने आमचे पाऊल ६८ असावयास हवे, आणि ते भरले ६२. नियमाला आमचे दुखणे ठाऊक नव्हते. वय, गुडघे, कंबर, पायांतली वहाण, नऊवारी किंवा पाचवारी नेसणे या सर्वांचा पावलावर परिणाम होतो, आणि उंचीच्या पट्टीवर यांतले काहीच उमटत नाही.

आता लहान-मोठ्या पावलाची दुरुस्ती. यंत्रात एक लांबी भरलेली आहे आणि आपली दुसरीच आहे, तर दाखवलेल्या अंतराला आपल्या लांबीने गुणावे आणि यंत्राच्या लांबीने भागावे. आमच्या यंत्राचे ४.९५ किलोमीटर गुणिले ६२, भागिले ७५, उत्तर ४.०९. शतपावलीच्या हिशेबाशी ते जुळते, जुळलेच पाहिजे. मनात करण्याची सोपी रीत अशी की दहा हजार पावलांमागे पावलातला एक सेंटीमीटर म्हणजे शंभर मीटर. पाच हजारांमागे पन्नास मीटर. तेरा सेंटीमीटरांचा फरक आणि साडेसहा हजारांवर पावले, म्हणजे साडेआठशे मीटरांची तूट. एवढे बसल्या जागी कळते.

परंतु उलट प्रश्न आला की चांगले चांगले लोक फसतात. पाऊल एकपंचमांशाने लहान झाले, तर तितक्याच पावलांत अंतर एकपंचमांशाने कमी भरेल, हे उघड आहे. मग तेवढेच अंतर पुरे करण्यासाठी पावले किती वाढवावीत? पुष्कळजण म्हणतात, एकपंचमांश. तसे नाही, एकचतुर्थांश वाढवावी लागतात. पाऊल ७५ चे ६० झाले असे धरा. पाच किलोमीटरला पूर्वी सुमारे ६,६६७ पावले लागत, आता ८,३३३ लागतील. १,६६७ पावले जास्त, म्हणजे मूळच्या चौथाई. शंभर रुपयांचा माल ऐंशीला आला तर वीस टक्के उतरला, पण ऐंशीचा पुन्हा शंभर व्हायला पंचवीस टक्के चढावा लागतो. व्यापाऱ्याला हे सांगावे लागत नाही. आम्हांला पाच हजार मीटर हवे होते. पाच हजार भागिले ०.६२, म्हणजे ८,०६५ पावले. मिनिटाला ११० प्रमाणे तास आणि वर तेरा मिनिटे. आम्ही हे डॉक्टरांना सांगितले तेव्हा त्यांनी एकदम तेरा मिनिटे वाढवू दिली नाहीत. आठवड्याला पाच-पाच मिनिटांनी वाढवा म्हणाले.

याच सुमारास घरात एक वाद निघाला. आम्ही दोघे सकाळी बरोबरच चालतो. एक दिवस सौभाग्यवतींनी आपले यंत्र पुढे केले. "अहो, तुमची सहा हजार सहाशे झाली ना? माझी बघा, सात हजार दोनशे. मी जास्त चालले."

"अगं, निघालो बरोबर, परतलो बरोबर. वाट तीच, मग तू जास्त कशी चालशील?"

"मग माझे पाय जास्त चालले म्हणा!"

हे त्यांचे म्हणणे खोडून काढता येण्यासारखे नव्हते. वाट दोघांची सारखी, पण त्यांच्या पायांनी सहाशे वेळा अधिक जमीन गाठली होती. या वादातून एक फायदा मात्र झाला. त्यांना धावपट्टीवर नेण्याचे श्रम वाचले. आमचे पाऊल ६२, आमची पावले ६,६००, त्यांची ७,२००. ६२ गुणिले ६,६०० भागिले ७,२००, म्हणजे त्यांचे पाऊल सुमारे ५७ सेंटीमीटरचे. एकाचे माप नक्की असले की त्याच्याबरोबर चालणाऱ्या सर्वांची मापे अशी निघतात. अट एवढीच की दोघांची यंत्रे पावले बरोबर मोजत असली पाहिजेत. त्याची परीक्षा सोपी आहे. तोंडाने दोनशे पावले मोजून चालावे आणि यंत्राचा आकडा पाहावा. चार-पाचांचा फरक सोडून द्यावा. वीस-पंचवीसांचा आला तर दोष लांबीचा नव्हे, मोजणीचा आहे, आणि लांबी बदलून तो दुरुस्त होणार नाही. मनगटावरचे यंत्र हाताच्या हेलकाव्यावरून पाऊल ओळखते. हातात भाजीची जड पिशवी असली किंवा बाबागाडी ढकलीत असलो की हात स्थिर राहतो आणि पावले गळतात. उलट खाचखळग्यांच्या रस्त्यावर वाहनाच्या हादऱ्यांचीही कधी कधी पावले होतात.

दहा हजार पावलांचा जो आकडा आज सर्वतोमुखी आहे, त्याची कथाही येथेच सांगून टाकू. १९६५ मध्ये जपानमधील यामासा या कंपनीने 'मानपोकेई' नावाचे पावले मोजण्याचे यंत्र विकायला काढले. या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचे मापक' असा आहे. आकडा प्रथम नावात आला आणि तेथून जगभर गेला. तो नैनसिंहांच्या माळेशी जुळला हा योगायोग. त्यांच्या दहा हजारांत आठ किलोमीटर होत. आमच्या घरी त्याच दहा हजारांत एकाचे ६.२ होतात आणि दुसरीचे ५.७. म्हणून 'दहा हजार झाली' एवढ्यावरून वाट कळत नाही.

आणखी एक खड्डा आहे, आणि तो सर्वांत मोठा. दिवसभराच्या सर्व पावलांना फिरण्याचे माप लावणे हा तो. आमच्या एका दिवसाची पावले ९,४०० झाली. त्यांपैकी ६,६०० सकाळच्या फिरण्याची. उरलेली २,८०० घरातली, म्हणजे देवघर, स्वयंपाकघर, गच्ची, दाराशी आलेला पोस्टमन. घरातले पाऊल कसले, ते अर्धे वळणच. आमच्या नऊ मीटर लांबीच्या ओसरीत सहज ये-जा करताना एका बाजूस वीस पावले पडतात, म्हणजे पाऊल ४५ सेंटीमीटरचे. तेव्हा ६६ शतपावल्या ६२ ने आणि २८ शतपावल्या ४५ ने: ४,०९२ अधिक १,२६०, एकूण ५,३५२ मीटर. भाच्याने भरलेल्या पंच्याहत्तरांनी त्याच दिवसाचे सात किलोमीटरांवर दाखवले असते. यंत्रात ६२ भरले तरी ५.८ दाखवील. जिने तर आणखी वेगळे. घरातल्या जिन्याची पायरी आडवी मोजली तर तीसएक सेंटीमीटर, पण श्रम तिप्पट. तेथे मीटरांचा हिशेब करण्यात अर्थ नाही. दिवसाचे दोन भाग करावेत, फिरण्याचे आणि वावरण्याचे, एवढे पुरे आहे. त्याहून बारीक विभागणी करणाऱ्याला चालायला वेळ उरणार नाही.

पाऊल एकदा मोजले म्हणजे ते जन्माचे झाले असेही नाही. वेगाने चालू लागलो की मिनिटाची पावलेही वाढतात आणि प्रत्येक पाऊलही लांबते. रेंगाळत चाललो की दोन्ही घटतात. चढावर ते आखूड होते. म्हणून माप आपल्या नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या वहाणांनी काढावे आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा काढावे. आमचे तीन महिन्यांनी त्याच धावपट्टीवर पुन्हा काढले. आठशे मीटरांत उजवी पावले ६४५ च्या ऐवजी ६०६ पडली, म्हणजे एकूण १,२१२, पाऊल ६६. दम वाढला तसे पाऊल लांबले होते. चार सेंटीमीटर, आणि रोजची पावले आता आठ हजार; म्हणजे पहिल्याइतक्याच पावलांत तीनशे वीस मीटर अधिक.

याची उलटी बाजूही ध्यानात आली. वाट तीच असून पावलांचा आकडा महिन्यामागून महिना चढू लागला, तर यंत्र शाबासकी देईल. पण त्याचा अर्थ पाऊल आखडत चालले आहे असाही होतो. आमच्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांचे तसेच झाले. देवळापर्यंतची त्यांची रोजची वाट, पूर्वी १,५०० पावलांची, वर्षात १,८०० ची झाली, आणि ते आनंदाने सर्वांना सांगत. आम्ही हिशेब केला तेव्हा पाऊल एकषष्ठांशाने लहान झालेले निघाले. त्यांच्या मुलाने त्यांना डॉक्टरांकडे नेले. गुडघ्याचे दुखणे त्यांनी सर्वांपासून लपवले होते. आता त्यांच्या हाती काठी आहे, आणि परवा त्यांनी दारातूनच सांगितले, "आज सोळाशे वीस."